चेन व्हिप कुठे लागते आणि कुठे लागत नाही

‘मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला उलटे आटे असतात’ हे सायकल दुरुस्तीच्या गप्पांत हमखास ऐकू येते. ते खरे नाही. आटे सरळच असतात. या समजुतीवर विसंबून पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने रेटला, तर आधीच आवळलेले फ्रीव्हील आणखी आवळते. फ्रीव्हील हा मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याचा एक प्रकार, कॅसेट हा दुसरा. कॅसेटला जागेवर दाबून ठेवणारे लॉकरिंगही सरळ आट्यांचेच. दोन्ही काट्यांच्या उलट दिशेने सुटतात. (या लेखातल्या सगळ्या दिशा दातेरी चक्रांच्या बाजूने पाहून सांगितल्या आहेत.)

आधी आपल्या चाकावर काय आहे ते ओळखावे. गिअरची सायकल म्हणजे कॅसेटच, असे नाही. आपल्याकडच्या सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर बहुधा आट्यांनी बसवलेले फ्रीव्हीलच असते. चाक काढून हातात घ्या, स्थिर धरा आणि चक्रे उलटी फिरवा. मधल्या खाचांची कडी, म्हणजे जिच्यात हत्यार बसते ती, चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. ती चाकाच्या मधल्या हबबरोबर स्थिर राहिली तर फ्रीव्हील. चक्रे रोखून धरणारे हत्यार म्हणजे चेन व्हिप, आणि तिचे सगळे रहस्य या साध्या चाचणीतच आहे.

चक्रांच्या आत स्प्रिंगवर टेकलेले छोटे खटके असतात. चक्रे काट्यांच्या दिशेने फिरली की खटके आतल्या दात्यांत अडकतात आणि चाकाला ओढतात. उलट फिरली की ते दात्यांवरून टकटकत घसरतात. फ्रीव्हीलमध्ये हे खटके चक्रांच्या गठ्ठ्यातच असतात आणि सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी चढवलेला असतो. शिमानोने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या फ्रीहबमध्ये खटके हबकडे गेले. कॅसेट म्हणजे फक्त चक्रे. ती खाचांवर सरकवायची आणि बाहेरून लॉकरिंगने दाबून ठेवायची.

आता लॉकरिंग उलट दिशेने सोडायला जा. ते चक्रांना चिकटून आहे, आणि चक्रांना उलट फिरायला खटके मोकळीच वाट देतात. म्हणून पाना, लॉकरिंग आणि चक्रे सगळे मिळून गरगर फिरतात, सुटत काहीच नाही. चक्रांना काट्यांच्या दिशेने रोखून धरणारे काहीतरी हवे. दांड्याला साखळीचा तुकडा जोडलेली चेन व्हिप नेमके तेच करते. चक्रे आपल्याकडे ठेवून चाक उभे धरा. पाना डावीकडे, व्हिपचा दांडा उजवीकडे, आणि दोन्ही एकदम खाली दाबा.

व्हिप कोणत्या चक्रावर गुंडाळायची, हे मात्र महत्त्वाचे आहे. लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटरने आवळलेले असते, म्हणून व्हिपलाही तेवढाच पीळ रोखावा लागतो. २३ दात्यांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ४.६ सेंटिमीटर, म्हणजे साखळीवर जवळजवळ ८८ किलो वजनाइतका ताण येतो. ११ दात्यांच्या चक्रावर तोच ताण दुपटीहून जास्त होतो, आणि तो पेलायला साखळीत गुंतलेले दातेही थोडेच. हाताला दोन्हीकडे सारखेच जड वाटते, पण लहान चक्रावर साखळी निसटते. सुटताना ‘कर्र’ असा आवाज येतो. तो लॉकरिंगच्या खालच्या कंगोऱ्यांचा असतो, काही मोडल्याचा नव्हे.

फ्रीव्हीलला व्हिप लागतच नाही, कारण हत्यार खटक्यांच्या आतल्या, हबला घट्ट असलेल्या भागात बसते. अडचण वेगळी आहे: दर पॅडलला फ्रीव्हील आवळत जाते. ६० किलोचा माणूस १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला तर सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ पडतो. चढावर पुढे २८ आणि मागे २८ दाते असतील, तर तो जवळजवळ सगळाच आट्यांवर उतरतो. ३० सेंटिमीटरच्या पान्याला त्यासाठी ३४ किलोइतका जोर हवा. म्हणून हत्यारच बाकावरच्या शिकंज्यात धरावे, त्यावर चाक आडवे ठेवावे आणि रिम दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखी फिरवावी. २६ इंची चाकावर तेव्हा एकेका हाताला १६ किलोच्या आसपास जोर पुरतो. आधी एक्सलच्या नटाने किंवा क्विक रिलीजने हत्यार दाबून ठेवावे, नाहीतर खाचा गोल होतात आणि मग फ्रीव्हील वाचत नाही. पहिला हिसका बसला की मात्र नट लगेच सैल करायचा, कारण फ्रीव्हील बाहेर येऊ लागते आणि नट त्याला अडवतो.

‘एक फवारा आणि काम झाले’ अशी जाहिरात करणाऱ्या स्प्रेंवर फार भरवसा ठेवू नये. गंज असेल तर तेल आत झिरपायला वेळ द्यावा लागतो, आणि पॅडलने बसलेली आवळण कोणत्याही फवाऱ्याने उतरत नाही. आणखी एक सावधगिरी: फ्रीव्हीलच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या झाकणावर छन्नी चालवू नये. खरे उलटे आटे तिथे आहेत, आणि कदाचित समजुतीचे मूळही. ते झाकण उघडले की बारीक छर्रे आणि खटके जमिनीवर पसरतात, फ्रीव्हील मात्र हबवर तसेच राहते.

परत बसवताना व्हिप कुठेच लागत नाही. लॉकरिंग काट्यांच्या दिशेने आवळताना खटके आपणच अडकतात, चाक धरले की पुरे. फ्रीव्हीलच्या आट्यांना ग्रीस लावून ते हाताने, तिरके न जाऊ देता, टेकेपर्यंत फिरवावे. उरलेली आवळण पहिल्याच चढावर पॅडल करते.