क्रियापद-अधोरेखित वाक्यसुधारणा

इंग्रजी भाषेच्या वस्तुनिष्ठ परीक्षेतील एक प्रश्नप्रकार. यात वाक्यातील केवळ क्रियापद-समूह, म्हणजे मुख्य क्रियापद आणि त्याची सहायक क्रियापदे, अधोरेखित असतो. त्याच्या जागी देता येतील असे तीन पर्याय आणि ‘सुधारणेची गरज नाही’ हा चौथा पर्याय उमेदवारासमोर असतो. केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठी होणाऱ्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर-स्तरीय सीजीएल परीक्षेत तो नेहमी आढळतो. 2016 पासून ही परीक्षा संगणकावर होते. तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असून बरोबर उत्तरास 2 गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास 0.50 गुण वजा होतो. एकूण 100 प्रश्नांना 60 मिनिटे असल्याने एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी 36 सेकंद येतात.

अधोरेखा क्रियापदापुरतीच असल्याने उरलेले वाक्य निर्दोष आहे, हे परीक्षकाने मान्य केलेले असते. म्हणून ते वाक्य पुरावा म्हणून वापरता येते. पर्याय एकेक करून वाक्यात बसवून पाहण्यात वेळ जातो. त्याऐवजी पर्याय परस्परांहून नेमके कशात वेगळे आहेत, वचनात, काळात की क्रियापदाच्या रूपात, हे आधी पाहावे आणि त्या फरकाचा निकाल लावणारा शब्द वाक्यात शोधावा.

उदाहरणार्थ, ‘द नंबर ऑफ कॅन्डिडेट्स हॅव इन्क्रीज्ड सिन्स 2015’ या वाक्यात ‘हॅव इन्क्रीज्ड’ अधोरेखित असून ‘हॅज इन्क्रीज्ड’, ‘वॉज इन्क्रीज्ड’ आणि ‘हॅव बीन इन्क्रीजिंग’ हे पर्याय आहेत असे समजू. क्रियापदाच्या अगदी जवळचा शब्द ‘कॅन्डिडेट्स’ अनेकवचनी असला तरी कर्ता ‘द नंबर’ हा एकवचनी आहे. एवढ्याने ‘हॅव’ असलेला पर्याय आणि ‘सुधारणेची गरज नाही’ असे दोन्ही एकाच वेळी बाद होतात. ‘सिन्स 2015’ हे शब्द 2015 पासून आजपर्यंतचा कालखंड दाखवतात, त्यामुळे ‘वॉज’ही जाते आणि ‘हॅज इन्क्रीज्ड’ उरते. ‘अ नंबर ऑफ’ असते, तर पहिला निकाल उलटा लागला असता.

मराठीभाषक उमेदवाराची चूक बहुधा काळात होते, कारण चुकीचा पर्याय त्याच्या कानाला सरळ वाटतो. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यातील वर्तमानकाळ इंग्रजीत नेल्यास ‘आय अ‍ॅम लिव्हिंग’ येते. अपेक्षित रूप मात्र ‘हॅव बीन लिव्हिंग’ असते. ‘तो येईल तर’ यातील भविष्यकाळामुळे ‘इफ ही विल कम’ खटकत नाही. ‘मी काल गेलो होतो’ हे मराठीत सहज चालते, परंतु सुट्या वाक्यात ‘यस्टर्डे’बरोबर ‘हॅड गॉन’ हा पर्याय सामान्यतः बाद ठरतो, कारण त्याला भूतकाळातील दुसऱ्या घटनेचा आधार लागतो.

वादाचा मुद्दा नेमका येथेच, पूर्ण भूतकाळाच्या वापरात, आहे. ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड द स्टेशन’ या वाक्यात शालेय परंपरेनुसार आधी घडलेल्या क्रियेला ‘हॅड लेफ्ट’ हे रूप हवे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणासारख्या वर्णनात्मक ग्रंथांत मात्र ‘आफ्टर’सारख्या शब्दाने घटनांचा क्रम स्पष्ट होत असेल, तर साधा भूतकाळही ग्राह्य धरला आहे. ‘बिफोर’लाही हाच तर्क लागू पडतो. भाषिकदृष्ट्या हे मत अधिक सयुक्तिक दिसते, कारण क्रम सांगण्याचे काम ‘बिफोर’ आधीच करतो. ‘व्हेन’ असताना स्थिती वेगळी होते. ‘व्हेन वी रीच्ड, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे आपण पोहोचताच गाडी सुटली आणि ‘हॅड लेफ्ट’ म्हणजे ती आधीच निघून गेली होती. येथे रूप बदलले की अर्थही बदलतो. परीक्षेत ‘बिफोर’ असलेल्या वाक्याखाली ‘हॅड लेफ्ट’ आणि ‘सुधारणेची गरज नाही’ हे दोन्ही आल्यास शालेय परंपरेचे उत्तर निवडणे अधिक सुरक्षित मानावे लागते. ‘इफ आय वॉज’ आणि ‘इफ आय वेअर’ यांबाबतही कौल साधारणतः ‘वेअर’कडे जातो.

समूहवाचक नामांना ही पद्धत कमी लागू पडते. ‘कमिटी’ एकमताने वागली तर एकवचन आणि सदस्यांत फूट असली तर अनेकवचन, हा नियम ब्रिटिश वापराशी जुळतो, अमेरिकन वापरात मात्र एकवचनच प्रचलित आहे. अशा वेळी ‘देअर’ किंवा ‘इट्स’ हे अधोरेखेबाहेरचे सर्वनाम निर्णायक ठरते. तसे सर्वनाम नसेल आणि दोनच पर्याय उरले असतील, तर सीजीएलच्या गुणपद्धतीत अंदाजाची सरासरी प्राप्ती 0.75 गुण येते. चारही पर्याय शिल्लक असताना ती केवळ 0.125 असते.