पोटरीतली गुठळी आणि झडपेमागचा खिसा

तिरुपतीहून परतल्याच्या दुसऱ्या रात्री माझ्या मावसबहिणीची डावी पोटरी दुखायला लागली. गोळा आल्यासारखी कळ होती, पण गोळा दोन-चार मिनिटांत सुटतो, ही कळ सकाळपर्यंत गेली नाही. उठून पाय खाली टेकवला तर पोटरी टणक, किंचित गरम आणि उजवीपेक्षा उघड जाड दिसत होती. घरात ठरलेलं निदान झालं. सासूबाई म्हणाल्या, "शीर चढली असंल, कोमट तेल लावून चोळ." दीर तर तालमीतल्या मालीशवाल्याला बोलवायला निघाला होता. कोल्हापुरात आखडलेल्या पायावर मालीश हा हुकमी उपाय. पैलवानाच्या दमलेल्या पोटरीला त्याने बरंही वाटतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तिने मला फोन केला आणि मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "कुणालाही पायाला हात लावू देऊ नकोस, आणि आजच्या आज सोनोग्राफी करून घे."

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. तरीही फोनवर तीन गोष्टी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. प्रवास टेंपो ट्रॅव्हलरने, जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना तेवढाच. वाटेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून ती पाणी जवळपास प्यायलीच नव्हती, त्यामुळे गाडीतून उतरायची वेळही फारशी आली नव्हती. आणि तिसरी गोष्ट तिने मी विचारल्यावरच सांगितली: दर्शनात पाळी आडवी येऊ नये म्हणून आठ दिवस ती पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत होती, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या.

या तिन्ही गोष्टी एका अगदी छोट्या जागी येऊन मिळतात. ती जागा म्हणजे शिरेतल्या झडपेमागचा खिसा. शाळेत रक्ताभिसरण शिकवताना हृदयाच्या झडपा सांगतात, शिरांच्या झडपा एका ओळीत उरकतात. मला मात्र त्या फार आवडतात.

पायातलं रक्त वर हृदयाकडे जायचं तर त्याला ढकलणारं कुणीतरी हवं. हृदयाचा धक्का पायाच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचेतो जवळपास संपलेला असतो. ते काम पोटरी करते. पोटरीत वरच्या फुगीर स्नायूखाली सोलियस नावाचा रुंद, चपटा स्नायू असतो, आणि त्याच्या आत पातळ भिंतींच्या शिरांचे मोठे साठे असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा सोलियस आवळतो, साठे पिळले जातात आणि रक्त वर उडतं. पाऊल उचललं की साठे पुन्हा भरतात. उडालेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं, त्यात या झडपा हा त्याचा मोठा पुरावा होता. तो प्रयोग घरी करता येतो. दंडाला रुमाल जरा आवळून बांधा, हातावरची शीर फुगली की तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या दिशेला रक्त सारा. पुढच्या झडपेपर्यंतचा तुकडा रिकामा राहतो, वरचं रक्त खाली येत नाही.

आता झडपेची पाकळी आणि शिरेची भिंत यांच्यामध्ये एक खाच तयार होते, सदऱ्याच्या खिशासारखी, तोंड वर. रक्त झटक्याझटक्याने वाहत असतं तेव्हा त्या खिशात छोटा भोवरा फिरतो आणि जुनं रक्त बाहेर पडून नवं आत येतं. खिसा धुतला जातो म्हणा. माणूस गुडघे वाकवून तासन् तास बसला की सोलियस सैल पडतो, भोवरा मंदावतो आणि खिशाच्या तळाशी रक्त साचून राहतं. तिथल्या पेशी त्याच साचलेल्या रक्तातून प्राणवायू घेत राहतात. तो कमी कमी होत जातो. १९८१ साली ब्रिटिश संशोधकांनी या खिशांमधला प्राणवायू प्रत्यक्ष मोजला. झटके थांबले की तो घसरतो आणि झटके सुरू झाले की पुन्हा चढतो, असं त्यांना दिसलं.

यापुढची पायरी जरा किचकट आहे, पण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. शिरेला आतून पेशींचं गुळगुळीत अस्तर असतं. एरवी ते रक्ताला गोठू देत नाही. प्राणवायू कमी पडला की या पेशी आतल्या छोट्या पिशव्यांमध्ये साठवलेलं पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर आणतात. आकड्याला कापड अडकावं तशा पांढऱ्या पेशी त्याला अडकतात. अडकलेल्या पेशी आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर नावाचा दुसरा पदार्थ आणतात, आणि रक्त गोठवायची साखळी सुरू करणारा पदार्थ हाच. साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे चिवट धागे करतं, त्या जाळीत तांबड्या पेशी अडकत जातात. बोट कापल्यावर जे घडतं जवळपास तेच इथे कुठेही न कापता घडतं. खिसा भरला की गुठळी बाहेर डोकावते आणि तिचं शेपूट रक्ताच्या दिशेने वर वाढत जातं. ते शेपूट भिंतीला चिकटलेलं नसतं, प्रवाहात हलत असतं.

गोळ्यांचा संबंध इथे येतो. पाळी लांबवायला बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन देतात. या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. म्हणजे खिशात साचलेलं रक्त मुळातच गोठायला थोडं उत्सुक. रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरच्या नावाने वैद्यकशास्त्रात जी तीन कारणं शिकवतात, ती हीच: प्रवाह मंदावणं, अस्तर बिघडणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. पाळी आलेली बाई देवळात गेल्याने काही अपवित्र होत नाही, हे मी माझ्या घरातही सांगते. ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान ही गोळी डॉक्टरला विचारून घ्यावी. घरात कुणाला पूर्वी गुठळी झाली असेल, किंवा आपण गर्भनिरोधक गोळ्या घेत असू, तर ते आवर्जून सांगावं.

हा विमानप्रवासाचा आजार आहे असं पुष्कळांना वाटतं. पण १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा आसरागृहात रात्रभर कापडी खुर्च्यांवर बसून राहिलेली माणसं फुप्फुसात गुठळी अडकून दगावल्याची नोंद कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरने केली. खुर्चीची पुढची दांडी गुडघ्यामागे दाबली जात होती. माझी बहीण पाच फुटांची आहे. तिचे पाय गाडीत नीट टेकत नाहीत, त्यामुळे बाकाची कड तिच्याही गुडघ्यामागे रुतत होती. शीर गाडीत दबली काय आणि विमानात दबली काय, तिला फरक कळत नाही.

घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं, पण निरोगी माणसासाठी तो दुप्पट धोकाही सुमारे ६,००० मध्ये एक एवढाच होता. प्रत्येक दुखरी पोटरी म्हणजे गुठळी नव्हे. एकाच पायाची, सुजलेली आणि प्रवासानंतरच्या दिवस-आठवड्यांत दुखू लागलेली पोटरी मात्र वेगळी धरायची.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी टेप घेतला. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. उजवी ३४.५, डावी ३८.५. फरक ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर संशयाच्या गुणपत्रिकेत एक गुण मिळतो. खोल शिरेच्या रेषेवर दाबल्यावर दुखलं, आणखी एक. नडगीवर अंगठा दाबल्यावर त्याच पायाला खळगा पडला, तिसरा. दोन गुणांनाच गुठळीची शक्यता दाट धरतात, म्हणून लगेच सोनोग्राफी.

ही तपासणी ऐकायला भारी वाटते, पण तिचं तत्त्व अगदी साधं आहे. डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र शिरेवर ठेवून दाबतात. चांगली शीर ओल्या फुग्यासारखी चपटी होऊन पडद्यावरून नाहीशी होते, बाजूची धमनी तशीच राहते. गुठळी असलेली शीर चपटी होत नाही. तिची जांघेतली शीर मिटली. गुडघ्यामागची मिटली नाही.

तातडी होती ती या गुडघ्यामुळे. गुठळी पोटरीतच असेल तर ती बऱ्याचदा तिथेच जिरते. गुडघ्यामागच्या शिरेपर्यंत किंवा त्याहून वर सरकली की तिचा तुकडा सुटून वर जायची शक्यता वाढते. सुटलेला तुकडा मोठमोठ्या होत जाणाऱ्या शिरांमधून जातो, त्याला अडवणारं वाटेत काहीच नसतं. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून तो फुप्फुसाच्या धमनीत शिरतो आणि धमनी लहान होते तिथे बूच बसल्यासारखा अडकतो. अचानक धाप लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त पडणं किंवा चक्कर येऊन कोसळणं ही त्याची लक्षणं. यातलं एकही दिसलं तर रिक्षा शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा. मालीशचा धोकाही हाच: पोटरी पिळली की प्रवाहात हलणाऱ्या त्या शेपटाला आपण हाताने धक्का देतो.

तिला त्याच दुपारी हेपॅरिनचं इंजेक्शन दिलं, मग गोळ्या. लोक यांना रक्त पातळ करणारी औषधं म्हणतात, पण त्यांनी रक्त पातळ होत नाही आणि गुठळी विरघळतही नाही. ती औषधं नवे धागे तयार होऊ देत नाहीत, एवढंच. असलेली गुठळी शरीर स्वतःच्या प्लाझ्मिन नावाच्या, धागे तोडणाऱ्या पदार्थाने सावकाश कुरतडत राहतं. त्याला आठवडे, महिने लागतात, म्हणून गोळ्या निदान तीन महिने घ्याव्या लागतात आणि त्या काळात हिरड्यांतून रक्त येतंय का, काळी शी होतेय का यावर लक्ष ठेवावं लागतं. घरातली ॲस्पिरिन या गोळ्यांच्या जागी चालत नाही, कारण ॲस्पिरिन रक्तबिंबिकांना रोखते आणि शिरेतली गुठळी मुख्यतः धाग्यांची आणि तांबड्या पेशींची असते.

औषध सुरू झाल्यावर तिला चालायला सांगितलं, पडून राहायला नव्हे. आता ती गाडीत बसली की चवडा टेकवून टाचा वर-खाली करते, गाडी थांबेल तिथे उतरते, पाणी पिते. तीन महिने झाले, गुठळी सोनोग्राफीत बारीक झालेली दिसते, पण ज्या झडपेमागे ती धरली होती ती झडप आता पूर्वीसारखी मिटत नाही. संध्याकाळपर्यंत डावा घोटा थोडा भरून येतो आणि चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागतो. तिच्या फाइलवर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलंय, पाळी लांबवणाऱ्या गोळ्या पुन्हा देऊ नयेत. ते वाचून सासूबाईंनी उरलेली पट्टी स्वतःच कचऱ्यात टाकली.