पार्श्वभूमी : ‘मध्यम’ शब्द आणि गरोदरपणातली अरुंद मायट्रल झडप

हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या बाईच्या बाळंतपणाची धास्ती जुनीच. मुलीने लग्न करू नये, लग्न झालेलीने मूल होऊ देऊ नये, मूल झालेलीने अंगावर पाजू नये, असा सल्ला एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वैद्यकात दिला जाई. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप जाड होऊन आखडलेल्या बायका आपल्याकडे आजही भरपूर दिसतात. त्यातल्या कित्येकींना आजार पहिल्यांदा कळतो तो पाचव्या-सहाव्या महिन्यात, दम लागायला लागल्यावर.

दम तेव्हाच का लागतो? दिवस गेले की शरीरातलं रक्त हळूहळू चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं, तेही अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत जवळपास तेवढंच वाढतं. नाडी दहा-वीस ठोक्यांनी चढते. निरोगी हृदयाला हे सहज पेलतं. झडप गळत असेल तरी बऱ्याच जणींचं निभावतं, कारण रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्ताला पुढे जाणं सोपं होतं. अरुंद झडपेचं तसं नाही. भोक तेवढंच राहतं, त्यातून जाणारं रक्त वाढतं, आणि नाडी चढल्यामुळे दोन ठोक्यांमधला भरण्याचा वेळ कमी होतो.

समजा, छिद्र १.४ चौरस सेंटिमीटर आहे (निरोगी झडपेचं चार ते सहा असतं). दिवस जाण्यापूर्वी नाडी ७२ आणि मिनिटाला साडेचार लिटर रक्त. १९५१ पासून वापरात असलेल्या सूत्राने हिशोब केला तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण ६ मिलिमीटर पाऱ्याचा फरक येतो. बाई घरचं सगळं काम करते, तिला काही जाणवत नाही. सातव्या महिन्यात रक्त सव्वासहा लिटरच्या आसपास आणि नाडी ९० झाली, की तोच फरक १३ वर जातो. रक्त वाढून आणि भरण्याचा वेळ कमी होऊन छिद्रातला प्रवाह दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. त्यात ताप आला किंवा रक्त कमी असलं आणि नाडी ११० झाली, तर तो १६. डाव्या खालच्या कप्प्याचा स्वतःचा ७-८ दाब त्यात मिळवा, म्हणजे वरच्या कप्प्यात २४ होतो. पंचविशीच्या आसपास फुफ्फुसात पाणी उतरायला लागतं. झडप मात्र कालच्यापेक्षा कणभरही अरुंद झालेली नसते.

खरा घोळ शब्दाचा आहे. जुन्या हिशोबात १ पेक्षा कमी छिद्र ‘तीव्र’ आणि १ ते १.५ ‘मध्यम’. २०१४ साली अमेरिकेतल्या मार्गदर्शिकेने १.५ किंवा त्याहून कमी छिद्राला ‘तीव्र’ म्हणायचं ठरवलं, आणि १ किंवा त्याहून कमी असेल तर ‘अति तीव्र’. गरोदरपणाच्या धोक्याचे तक्ते मात्र ‘तीव्र’ झडपेला ‘गर्भ राहू देऊ नये’ या गटात टाकतात आणि ‘मध्यम’ झडपेला त्याच्या एक पायरी खाली. मग १.४ वाली कुठल्या गटात? प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपलेल्या जुन्या टूडी इकोच्या कागदावर ‘मध्यम’ लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर घरचे निर्धास्त होतात.

नव्या व्याख्येला आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. लक्षणं नसलेल्या, १.४ छिद्राच्या अनेक जणी औषधांवर नीट बाळंत होतात. त्यांना सरसकट ‘नको’ म्हणणं अन्यायाचं. तरीही माझं मत नव्या व्याख्येकडे झुकतं. ‘मध्यम’ हा शब्द झोपून काढलेल्या इकोवरून, शांत नाडीवर ठरलेला होता, आणि गरोदरपण म्हणजे कित्येक महिने न थांबता चाललेली मेहनत. कागदावर शब्दाऐवजी छिद्राचा आकडा आणि तपासणीच्या वेळची नाडी वाचावी. दिवस गेल्यावर दाबाचा आकडा प्रवाहासोबत चढतो, म्हणून नुसता तो पाहून झडप बिघडली असं ठरवता येत नाही.

उपाय झपाट्याने बदलले. १९५० च्या दशकात छाती उघडून, धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करत, गरोदर बायकांचीसुद्धा. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया पुढेही अनेक वर्षं चालली. १९८४ मध्ये फुग्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि मांडीच्या शिरेतून नळी घालून काम होऊ लागलं. झडप फार चुनखडलेली नसेल, फारशी गळत नसेल आणि वरच्या कप्प्यात गुठळी नसेल, तरच ती पद्धत चालते. दिवस जाण्याआधी केलेली उत्तम. गरोदरपणात आधी आराम, नाडी उतरवणारं मेटोप्रोलॉल आणि पाणी काढणारं औषध. त्यांनी भागलं नाही तरच फुगा, शक्यतो विसाव्या आठवड्यानंतर. एकीला रात्री तीन उशा लागतात, पाठ टेकली की खोकला येतो. पोट वाढल्यामुळे असं होतं, असं तिला सांगून घरी पाठवलं जातं. औषध तिथेच सुरू व्हायला हवं.

कळ आली की गर्भाशय आवळतं आणि दर कळेला ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे ढकललं जातं. बाळ बाहेर आल्यावर पोटातल्या मोठ्या शिरेवरचा दाब सुटतो आणि आणखी रक्त परत येतं. म्हणून पाणी उतरण्याचा मोठा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत असतो. बाळ हातात असतं, नातेवाईक पेढे वाटत असतात, आणि बाईला उठून बसावंसं वाटतं.