नियंत्रण आलेख

प्रक्रियेतून मिळणारा एखादा आकडा वरखाली झाला, तर तो बदल खरा आहे की त्या प्रक्रियेचा नेहमीचाच चढउतार आहे, हे ठरवण्यासाठी वापरला जाणारा आलेख. कारखान्यांमध्ये त्याला कंट्रोल चार्ट असेच म्हणतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन यंत्रणेत काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी आपल्या वरिष्ठांना दिलेल्या एका टिपणात असा पहिला आलेख काढून दाखवला. 1947-48 मध्ये ते भारतात आले आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रयत्नांतून ही पद्धत येथील उद्योगांत पोहोचू लागली.

शूहार्ट यांचे म्हणणे असे की कोणतीही प्रक्रिया दोन वेळा तंतोतंत सारखी चालत नाही. कच्चा माल, हवामान, कामगाराचा हात अशा असंख्य बारीक कारणांमुळे आकडे हलतच राहतात. ही झाली सामान्य कारणे. टूल तुटले, नवा माणूस आला, पद्धत बदलली, ही विशेष कारणे. सामान्य कारणांमुळे आकडे किती हलतात याचा अंदाज त्याच आकड्यांवरून आधी बांधायचा आणि त्यापलीकडे काही दिसले तरच कारण शोधायला निघायचे.

आलेखाचे प्रकार बरेच आहेत. ज्या कामात एका वेळी एकच नोंद मिळते तेथे एकेरी नोंदींचा आलेख वापरतात, आणि कार्यालयापासून रुग्णालयापर्यंत सर्वाधिक उपयोगी पडणारा हाच. प्रेस शॉपमधले एक कल्पित उदाहरण घेऊ. डाय बदलायला किती मिनिटे लागली, म्हणजे जुन्या लॉटच्या शेवटच्या पीसपासून नव्या लॉटचा पहिला ओके पीस निघेपर्यंतचा वेळ, हे प्रत्येक सेटअपला लिहून ठेवले जाते. लागोपाठच्या बारा नोंदी अशा आहेत: 42, 47, 39, 44, 50, 43, 41, 46, 38, 45, 48, 45.

यांची सरासरी 44 येते. ही आलेखाची मध्यरेषा. आता प्रत्येक नोंद आणि तिच्या आधीची नोंद यांतील फरक काढायचा, चिन्ह सोडून द्यायचे. पहिला फरक 5, दुसरा 8, असे करत अकरा फरक मिळतात. त्यांची बेरीज 59 आणि सरासरी सुमारे 5.36. तिला 2.66 या ठरलेल्या गुणकाने गुणले की 14.3 येतात. मध्यरेषेच्या वर आणि खाली तेवढे अंतर सोडले की वरची मर्यादा 58.3 आणि खालची 29.7 मिनिटे ठरते. 2.66 हा गुणक असा निवडलेला आहे की मर्यादा मध्यरेषेपासून साधारण तीन प्रमाण विचलनांवर पडाव्यात; प्रमाण विचलन म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप. तीनच का, याचे उत्तर शूहार्ट यांनी संभाव्यतेच्या गणितापेक्षा खर्चाच्या हिशेबात दिले: मर्यादा जवळ आणल्या तर कारण नसताना शोधाशोध होते, दूर नेल्या तर खरा बिघाड निसटतो, आणि अनुभवाने तीन हा मधला सौदा परवडतो.

सगळ्या नोंदींचे प्रमाण विचलन थेट न काढता लगतचे फरक का घ्यायचे, हा प्रश्न स्प्रेडशीट वापरणाऱ्याला हमखास पडतो. समजा नोंदींच्या मध्येच कुठेतरी प्रक्रियेची पातळी बदलली आहे. एकूण प्रमाण विचलनात तो बदलही मिसळतो, मर्यादा फुगतात आणि ज्याला पकडायचे तोच मर्यादांच्या आत लपतो. लगतच्या फरकांत पातळीतला असा बदल एकाच जोडीला स्पर्श करतो.

आता डाय ठेवण्यासाठी नवी ट्रॉली आली आणि त्यानंतरचा पहिला सेटअप 37 मिनिटांत झाला. आधीचा 45 चा होता. महिन्याच्या अहवालात याची ‘18 टक्के सुधारणा’ व्हायला वेळ लागत नाही. आलेखावर मात्र 37 मर्यादांच्या पुष्कळ आत आहे, आणि ट्रॉली नसतानाही एकदा 38 मिनिटांत काम झाले होते. एवढ्यावर ट्रॉलीला श्रेयही देता येत नाही आणि ती निरुपयोगी आहे असेही म्हणता येत नाही. पुढच्या नोंदी येतात: 41, 40, 36, 42, 38, 35, 39. यांतली एकही 29.7 च्या खाली नाही, पण पहिल्या 37 सह आठच्या आठ मध्यरेषेच्या खाली आहेत. पातळी बदललीच नसती, तर ठरावीक आठ नोंदी अशा एकाच बाजूला खाली पडण्याची शक्यता सुमारे 256 मध्ये एक. म्हणून लागोपाठ आठ नोंदी एका बाजूला दिसल्या की तो संकेत धरतात. काही ठिकाणी नऊ धरतात. या आठांची सरासरी 38.5 आहे. साडेपाच मिनिटांची घट खरी मानायला येथे आधार मिळाला, आणि येथून पुढे मध्यरेषा व मर्यादा नव्या नोंदींवरून काढायच्या. आठ नोंदींवरच्या या मर्यादा तात्पुरत्या समजून आणखी नोंदी जमल्या की एकदा सुधाराव्यात. प्रत्येक नोंदीला मर्यादा हलवत राहिले तर हळूहळू होणारी घसरण मर्यादाच आपल्याबरोबर ओढत नेते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ड्रॉइंगवरची टॉलरन्स किंवा व्यवस्थापनाने दिलेले टार्गेट हीच मर्यादा म्हणून आखणे. गिऱ्हाइकाला काय हवे ते टॉलरन्स सांगते. यंत्र काय देऊ शकते ते नियंत्रण मर्यादा सांगतात. प्रक्रिया पूर्ण स्थिर असूनही रिजेक्शन भरपूर असू शकते, आणि तेव्हा ऑपरेटरला जाब विचारून काही हाती लागत नाही. दुसरी चूक प्रत्येक चढउताराला उत्तर देण्याची. माप जेवढे चुकले तेवढे मशीन उलट दिशेला सरकवायचे, हा उद्योग प्रामाणिकपणे केला जातो. पण स्थिर प्रक्रियेत त्याने मापांचे प्रसरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, दुप्पट होतो.

एका प्रमाण विचलनाएवढा छोटा बदल फक्त मर्यादांच्या भरवशावर पकडायचा तर सरासरी 44 नोंदी थांबावे लागते. लागोपाठ आठ नोंदी एका बाजूला, यासारखे नियम त्यासाठीच जोडले जातात. मात्र नियम वाढवले की खोट्या सूचनाही वाढतात: केवळ मर्यादा पाहिल्या तर स्थिर प्रक्रियेत सरासरी 370 नोंदींमागे एक खोटी सूचना येते, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने घालून दिलेले असे चार नियम एकत्र लावले तर सुमारे 92 नोंदींमागे. छोटे बदल लवकर हवे असतील तर ई. एस. पेज यांनी 1954 मध्ये मांडलेली संचयी बेरजेची पद्धत अधिक योग्य.

भट्टीचे तापमान दर मिनिटाला नोंदवले तर लगतच्या नोंदी एकमेकींना चिकटून चालतात, फरक कृत्रिमरीत्या लहान येतात आणि आलेख सतत ओरडत राहतो. तेथे नोंदींमधले अंतर वाढवावे लागते. अपघातासारख्या क्वचित घटनांत बहुतेक महिने शून्याचेच असतात, म्हणून दोन घटनांमधले दिवस आलेखावर घेतात.

बदल झाला एवढेच आलेख सांगतो; कोणामुळे झाला ते सांगत नाही. ट्रॉली आली त्याच आठवड्यात अनुभवी फिटरची शिफ्टही बदलली असेल, तर साडेपाच मिनिटे कोणाची हे ठरवायला काही दिवस ट्रॉली बाजूला ठेवून नोंदी पुन्हा 44 कडे जातात का, ते पाहावे लागेल.