शंभर झाडांमागे किती अळ्या?

टोमॅटोच्या शेतात पहिली अळी दिसली की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. पण त्या एका अळीने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापुढे नगण्य असतं. मग फवारायचं कधी? 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी याला हिशेबी उत्तर दिलं. किडीमुळे होणारी हानी आणि ती टाळण्याचा खर्च ज्या संख्येला बरोबरीत येतात, ती आर्थिक नुकसान पातळी.

फळ पोखरणाऱ्या अळीचं गणित करून पाहू. सोयीसाठी खर्चही टोमॅटोच्या किलोंतच मोजू. समजा, एक हेक्टर फवारायला औषध आणि मजुरी धरून 300 किलो टोमॅटोच्या किमतीएवढा खर्च येतो. ही अळी एकाच फळावर थांबत नाही. डोकं फळात, अर्धं शरीर बाहेर, अशी ती खाते आणि पुढच्या फळाकडे सरकते. एका अळीमागे 80 ग्रॅमची चार फळं, म्हणजे 320 ग्रॅम माल वाया जातो असं धरू. फवारणीने 80 टक्के अळ्या मरतात, म्हणून दर अळीमागे प्रत्यक्षात वाचतो 256 ग्रॅम. 300 किलोला 256 ग्रॅमने भागलं की येतात सुमारे 1,170 अळ्या. हेक्टरी 20 हजार झाडं असतील, तर शंभर झाडांमागे जेमतेम सहा.

पण सहा होईपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. तयारी करून फवारेपर्यंत तीन दिवस जातात आणि तेवढ्यात अंड्यांतून नव्या अळ्या निघतात. तीन दिवसांत संख्या दीडपट होत असेल, तर चारलाच पंप बाहेर काढायला हवा. हा चारचा आकडा म्हणजे आर्थिक उंबरठा. नुकसान पातळी दाराच्या आत, उंबरठा तिच्या अलीकडे.

दोन्ही आकडे हलते असतात. टोमॅटोचा भाव निम्मा झाला, तर तोच खर्च 600 किलोंचा होतो आणि पातळी सहावरून बारावर जाते. म्हणूनच छापील तक्त्यातला आकडा डोळे झाकून वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

खरी चूक होते ती मोजणीत. बांधावरचीच झाडं पाहिली तर आकडा फसवतो, म्हणून शेतात नागमोडी फिरून पानं, फुलं आणि कोवळी फळं तपासावीत. काळी पडलेली अंडी बहुधा ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीने आतून खाल्लेली असतात, त्यामुळे ती धरू नयेत. फळात शिरलेल्या मोठ्या अळ्याच सापडत असतील, तर औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि 80 टक्क्यांचं गृहीतच कोसळतं. शिवाय शंभर झाडांत चार हा इतका छोटा आकडा आहे, की निव्वळ योगायोगाने तो दोन किंवा सहाही येऊ शकतो. मोजणी उंबरठ्याच्या आसपास आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या वाटेने फिरावं.

विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला मात्र हा हिशेब लावता येत नाही. तिथे हानी माशीच्या खाण्याने नव्हे, रोगाने होते, आणि थोड्या माश्याही तो शेतभर नेतात.