टॉर्च तपासणी

गर्भवतीच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) आणि हर्पिस यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी तपासणी. हे संसर्ग आईला बहुधा जाणवतही नाहीत, पण वारेतून बाळापर्यंत पोचू शकतात. तपासणी सोपी आहे. चूक होते ती रिपोर्ट वाचताना, म्हणून या नोंदीचा भर त्यावरच आहे.

रिपोर्टात प्रत्येक जंतूसाठी दोन प्रकारच्या प्रतिद्रव्यांचे दोन आकडे असतात, आयजीजी आणि आयजीएम. आयजीजी म्हणजे संसर्ग कधीतरी होऊन गेला. आयजीएम म्हणजे तो ताजा असावा, असा समज आहे. पण टॉक्सोप्लाझ्माचे आयजीएम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ रेंगाळते, शिवाय ते खोटे पॉझिटिव्हही येते. नुसत्या आयजीएमवरून गर्भपाताचा सल्ला देणे चुकीचेच.

नाशिक परिसरातले एक कल्पित उदाहरण घेऊ. निफाडकडची, द्राक्षबागेत राबणारी बाई, अकरावा आठवडा, टॉक्सोप्लाझ्माचे आयजीजी आणि आयजीएम दोन्ही पॉझिटिव्ह. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी मातीत उतरतो, त्यामुळे उघड्या हातांनी मातीत काम करणाऱ्याला लागण होणे नवलाचे नाही. प्रश्न एवढाच की ती कधी झाली. यासाठी त्याच रक्तावर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी करतात: प्रतिद्रव्य जंतूला किती घट्ट धरते ते पाहतात. पकड महिन्यागणिक घट्ट होत जाते. पकड घट्ट असेल तर लागण निदान चार महिन्यांपूर्वीची. अकरावा आठवडा पाळीपासून मोजलेला असतो. गर्भ राहून जेमतेम नऊ आठवडे झालेले. म्हणजे लागण गर्भ राहण्याआधीची, आणि बाळाला धोका जवळजवळ नाही. पकड सैल निघाली तरी लागण नवीनच असे सिद्ध होत नाही, कारण काहींत ती कित्येक महिने सैलच राहते. अशा वेळी स्पायरामायसिन हे प्रतिजैविक सुरू करून अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर करतात. बाळाला लागण झाली की नाही, हे तिथे कळते.

सोनोग्राफीत मेंदूतले कॅल्शियमचे ठिपके, रुंदावलेल्या पोकळ्या, हाडाइतके पांढरे दिसणारे आतडे किंवा खुंटलेली वाढ दिसली तर संशय घ्यावा. सीएमव्हीत ठिपके बहुधा पोकळ्यांच्या कडेने असतात, टॉक्सोप्लाझ्मात विखुरलेले. मात्र सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून बाळ सुटले असे नाही. सीएमव्हीचा बहिरेपणा जन्मानंतर काही वर्षांनीही उघड होतो. समुपदेशनात हे आधीच सांगितलेले बरे.

टॉक्सोप्लाझ्माचे दोन्ही आकडे निगेटिव्ह असलेल्या बाईला मात्र ‘सगळे ठीक’ म्हणून परत पाठवू नये. तिला अजून लागण होऊ शकते. मातीत हातमोजे, भाजी नीट धुणे, मटण पूर्ण शिजवणे एवढे तिला सांगावे. रुबेला आयजीजी निगेटिव्ह असेल तर लस गरोदरपणात देत नाहीत. बाळंतपणानंतर, घरी जाण्यापूर्वी टोचतात.