आंतरवासिता अहवालाचे मूल्यमापन

आंतरवासिता अहवालाचे मूल्यमापन : विद्यार्थ्याने इंटर्नशिपमध्ये केलेले काम आणि त्यातून त्याला आलेली समज यांचा संबंध अहवालात कितपत दिसतो, हे पाहून गुण देण्याची पद्धत. अभियांत्रिकी आणि पदविका अभ्यासक्रमांत विद्यार्थी रोजची डायरी लिहितो व तिच्यावर कारखान्यातील पर्यवेक्षकाची सही घेतो. हजेरी आणि काम यांचा पुरावा म्हणून डायरी पुरेशी असते. अहवालात मात्र तीच तारीखवार उतरवली, तर परीक्षकाच्या हाती नवे काहीच लागत नाही.

यंत्र अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणातले एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. ‘सीएनसी विभागात शाफ्टची मापे घेतली’ ही डायरीतली नोंद. त्याच कामावर दुसरा विद्यार्थी लिहितो : शाफ्टचा व्यास 25 मिमी, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक ±0.02 मिमी. सकाळी मायक्रोमीटरवर माप बरोबर 25.00 येत होते, दुपारपर्यंत ते हळूहळू 25.015 झाले. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार झिजली, की बाहेरून कमी धातू कापला जातो आणि व्यास वाढतो. म्हणून माप मर्यादेबाहेर जाण्याआधीच ऑपरेटरने टूल ऑफसेट, म्हणजे यंत्रात भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती, 0.015 ने कमी केला. इथे काम, निरीक्षण, कारण आणि निर्णय एकाच धाग्यात आले आहेत. वर्गात शिकलेली टूल झीज त्याने मोजलेल्या आकड्यांत ओळखली आहे, आणि गुण त्यासाठीच द्यायचे असतात.

हा दुवा खरा की उसना, हे तोंडी परीक्षेत कळते. ‘हेच आतल्या बोअरचे काम असते तर?’ असे विचारावे. झीज समजलेला विद्यार्थी सांगतो, की तिथे भोक लहान होत जाईल, म्हणजे दुरुस्ती उलट दिशेने करावी लागेल. अहवालातले वाक्य फक्त पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो. आणखी जाणकार विद्यार्थी असेल, तर यंत्र तापल्यामुळेही माप सरकू शकते, मग कारण झीजच आहे हे कशावरून ठरवले, याचेही उत्तर देतो : इन्सर्टची धार बदलल्यावर जुन्याच ऑफसेटवर माप पुन्हा मूळ जागी आले.

शेवटच्या पानावर ‘संघभावना आणि वेळेचे नियोजन शिकलो’ असे लिहिण्याची रीत फार पसरली आहे. असे वाक्य उचलून दुसऱ्याच्या अहवालात ठेवून पाहावे. तिथेही ते चपखल बसले, तर ते कोणत्याही कामाशी जोडलेले नाही. त्याला गुण देऊ नयेत.

ज्याला महिनाभर फक्त नोंदवह्या भरायला लावल्या, त्याच्याकडे दाखवण्यासारखे काम कमी असते. तरीही त्याच नोंदींत कोणत्या पाळीत रिजेक्शन वाढते हे त्याने शोधले असेल, तर भारी यंत्रांची नुसती यादी देणाऱ्यापेक्षा त्याचा अहवाल सरस ठरतो. भाषा कच्ची असलेल्यांवर मात्र निव्वळ लेखी तपासणीत अन्याय होतो. कार्यशाळेच्या बोलीत अचूक कारण सांगणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळायला हवेत.